डावीकडचं मास्तरचं, उजवीकडचं भावाचं
माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं लहानपणापासून पटलं नाही. पलसाण्याच्या कापड रंगवायच्या मिलमध्ये त्याचा कापडाचा एक लॉट हवा त्यापेक्षा भडक लाल निघाला आणि रंगाचं माप ठरवणाऱ्या मास्तरने खापर त्याच्या डोक्यावर फोडलं, तेव्हा मलाही मनातून वाटलं, असेल ह्याचीच घाई.

तो म्हणायचा, मास्तरनेच घाई केली. पण मास्तर रंगाचं माप फोनवर चॅटमध्ये पाठवायचा आणि त्या चॅटमधले निरोप एका दिवसात आपोआप पुसले जात. दोघांच्याही चॅटमध्ये काही उरलेलं नव्हतं. मात्र माप पुसलं जाण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवायची रंगकामगारांची सवय, त्यामुळे भावाकडे पन्नासेक फोटो होते. मॅनेजरला फोटो चाळायचे नव्हते. सगळं क्रमाने टाइप करून आण, नाहीतर नोकरी सोड, एवढंच त्याने सांगितलं.

डिंडोलीत माझं टायपिंगचं दुकान आहे. भाऊ आला तोच फोन काउंटरवर आपटत. बस म्हटलं तर बसला नाही.

फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्राममधून मी सगळ्या फोटोंतला मजकूर काढला. दोन फोटोंत आलेल्या त्याच त्या ओळी गाळल्या, वेळ बघून क्रम लावला. ०.८ चं प्रोग्रामने ०८ केलं होतं. प्रत्येक आकडा मी मूळ फोटोशी ताडून पाहिला आणि स्वतःवर खूश झाले. एकच गोष्ट त्या मजकुरात नव्हती, कोणती ओळ कोणाची. दोघेही सारखीच मोडकी हिंदी लिहीत. मग नावं मी अंदाजाने घातली.

छापलेला कागद त्याने उभ्याउभ्याच वाचला. शेवटाकडे मी लिहिलं होतं :

मास्तर : पहले सैंपल देख लो।
भाऊ : टाइम नहीं है, डाल दो।

त्याने फोन माझ्या डोळ्यांपुढे धरला. सॅम्पलची ओळ उजवीकडे, हिरव्या चौकटीत होती. म्हणजे ती त्याने पाठवलेली. "डाल दो" डावीकडे, मास्तरचं.

"तुले बी मीच खोटा वाटनू ना, ताई?" तो म्हणाला.

शरमेने कानशिलं तापली. सगळे फोटो पुन्हा उघडून मी ओळीओळीला बाजू पाहिली. आणखी चार ठिकाणी नावं उलटी निघाली आणि चारही ठिकाणी चूक त्याच्या गळ्यात पडली होती.

दुरुस्त कागद आणि फोटो घेऊन तो मिलमध्ये गेला. नोकरी राहिली. हे मला त्याच्या बायकोने सांगितलं. त्याला कागद टाइप करायचा असला की आता तो उधन्याला, दुसऱ्याच्या दुकानात जातो.