‘हो ना?’ची तालीम

आमच्या घरात कायदा शिकायला गेलेली पहिली मीच. बाबांचं गोंदियाच्या बाजारात धान-तांदळाचं लहानसं दुकान होतं आणि आईला सही करण्यापुरती अक्षरं येत. मी नागपूरला लॉ कॉलेजात जाणार म्हटल्यावर नातेवाईकांनी तोंडं वाकडी केली. बाबांनी सगळ्यांना एकच सांगितलं, “एक साल पाहू. नाहीच जमलं तर आणू वापस.” ते ‘एक साल’ माझ्या मानेवर बसलं होतं.

वर्ष संपत आलं आणि व्हायवा निघाली. पुराव्याच्या कायद्यावर प्राध्यापक तोंडी प्रश्न विचारणार. त्यात जो नापास होईल त्याला लेखी परीक्षेला बसू द्यायचं नाही, असा आमच्या कॉलेजचा नियम होता. लिहायला मी कुणाला हार जाणारी नव्हते, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी दातखीळ बसायची. वर्गात मुलगी मी एकटीच. हजेरीचं ‘येस सर’सुद्धा मी शेजारच्यालाच ऐकू जाईल इतकं हळू म्हणायची.

सुट्टीत घरी आले तेव्हा बाबा म्हणाले, “मी बनतो तुझा मास्तर. तू मले कलम समजावून सांग, मंग मी सवाल करतो.”

दुपारी बाजार थंडावला की ते घरी येत, टोपी खुंटीला लावत आणि माझ्यासमोर मांडी घालून बसत. मग सुरू व्हायचं.

“वय पूर्ण नाही त्याच्यासंग केलेला करार फुकट जाते, हो ना?”

“हो.”

“पोलिसासमोर आरोपीनं कबूल केलं तर ते कोर्टात चालत नाही, हो ना?”

“हो.”

पुराव्यात करार कुठून आला, हे विचारायची सोय नव्हती. बाबांना सगळा कायदा एकच. पण तालीम झकास चालली होती. मी धडाधड उत्तरं देत होते, बाबा खूश, चुलीपाशी बसलेली आई खूश. मलाही वाटायला लागलं की आपण काही अगदीच ढ नाही.

एके दुपारी ‘सूचक प्रश्न’ आला. मी बाबांना समजावलं: ज्या प्रश्नातच विचारणाऱ्याला हवं असलेलं उत्तर सुचवलेलं असतं, तो सूचक प्रश्न. साक्षीदाराला ज्या बाजूनं बोलावलं, तिचा वकील आधी विचारतो, ती सरतपासणी. तिथं समोरच्यानं हरकत घेतली की कोर्टाच्या परवानगीशिवाय असा प्रश्न चालत नाही. नावगाव विचारायला किंवा ज्याबद्दल वादच नाही त्याला परवानगी मिळते. मग विरुद्ध बाजूचा वकील विचारतो, ती उलटतपासणी. तिथं मात्र खुशाल विचारावा.

बाबांनी मान डोलावली आणि लगेच सवाल टाकला. “म्हणजे ज्या सवालातच जवाब असते, तो सूचक सवाल. हो ना?”

मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं आणि तशीच राहिले. इतके दिवस मी केलं काय होतं? उत्तरं बाबाच देत होते. मी नुसती मान हलवत होते! व्हायवा तोंडावर आणि आपली तयारी शून्य. मला बाबांचा रागच आला.

“बाबा, हरकत,” मी म्हणाले.

“काऊन?”

“तुमचा प्रत्येक सवाल सूचक आहे. मास्तर असं नाही विचारणार. तुम्हाला दुसऱ्या रीतीनं विचारताच येत नाही का?”

बोलले आणि जीभ चावली. बाबा रागावले नाहीत. खाली बघत म्हणाले, “मले वाटलं वकील लोक असंच विचारतात. मले तर असंच विचारलं होतं.”

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. मी लहान असताना शेजारच्या शेतकऱ्याच्या धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे पाणी अडवणारा बांध, कुणीतरी फोडून सगळं पाणी आपल्या शेतात घेतलं होतं. जवळच्या नागरा गावाहून परत येताना बाबांनी तो माणूस डोळ्यांनी पाहिला. शेजाऱ्यानं त्यांना साक्षीला नेलं.

“धुरा फोडणाऱ्याच्या वकिलानं विचारलं, ‘सांज झाली होती ना? झाडं होती ना? मंग चेहरा साफ दिसला नसन, हो ना?’ दोनदा हो म्हटलं होतं, तिसऱ्यांदाही तोंडून होच निघालं. मले दिसलं होतं ओ! चांगलं साफ दिसलं होतं.”

शेजारी दावा हरला. त्यानंतर तो कधी आमच्या दुकानाची पायरी चढला नाही.

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हणाले, “बाबा, त्यानंतर फेरतपासणी असते. उलटतपासणीत जे निघालं त्याचा खुलासा करायला आपल्या वकिलानं पुन्हा विचारायचं. ‘किती दूर होता? कशावरून ओळखलं?’ तुमच्या वकिलानं विचारलं नाही?”

“नाही. बस म्हणाला, मी बसलो.” मग त्यांनी मान वर केली. “म्हणजे मले आणखी एकडाव बोलता आलं असतं?”

“आलं असतं.”

मला फार वाईट वाटलं. एवढी वर्षं हा माणूस स्वतःला खोटारडा समजत जगला आणि त्याला कुणी साधा खुलासा विचारला नव्हता.

बाबांनी चेहरा पुसला. “चाल, आता बरोबर विचारतो. तुले वकील कायले व्हायचं आहे?”

पहिलाच धड प्रश्न, आणि मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

व्हायवाच्या दिवशी टेबलापलीकडे आमचे प्राध्यापक बसले होते. सगळा कारभार इंग्रजीत. व्याख्या विचारल्या, सरतपासणी कुठे संपते ते विचारलं. अडखळत का होईना, मी सांगत गेले. मग ते चष्मा काढून मायेनं मराठीत म्हणाले, “पण लग्न झाल्यावर तुम्ही काही कोर्टात उभ्या राहणार नाही, होय ना?”

मान हलायच्या बेतात होती. मला बाबांचं ते तिसरं ‘हो’ आठवलं.

“सर, हा सूचक प्रश्न आहे.”

त्यांच्या भुवया वर गेल्या. “असेल. पण मी काही तुमच्या बाजूचा नाही. ही उलटतपासणी समजा. मग?”

“मग चालतो, सर. पण साक्षीदारानं ‘हो’च म्हटलं पाहिजे असं कलमात कुठं नाही. माझं उत्तर ‘नाही’ आहे. मी कोर्टात उभी राहणार आहे.”

“कशासाठी?”

“फेरतपासणीसाठी,” मी म्हणाले, आणि नाव न घेता धुऱ्याची सगळी हकिकत सांगून टाकली. माझा आवाज कापत होता, पण थांबला नाही. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, “लेखीला बसा.”

गाडी गोंदियाला लागली तेव्हा बाबा फलाटावर उभे होते. मला बघताच लगबगीनं पुढे आले.

“पास झाली...” एवढं म्हणून ते थांबले. ओठांवर आलेला ‘ना’ त्यांनी गिळला, तो मला दिसला. पिशवी माझ्या हातातून घेतली, कोर्टात उभं राहावं तसे ताठ उभे राहिले आणि म्हणाले,

“काय झालं, ते तू सांग.”