बावीस अंश चाळीस मिनिटं

उरणकडून पनवेलला निघालं की कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागते. त्या रांगेमागे पत्र्याच्या शेडमध्ये हितेशशेठचं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक सरफेस ग्राइंडर आणि काचेचं दार असलेली एक बारकी खोली, एवढाच पसारा. त्या खोलीत तुळशीराम तांबे बसतात. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. बाहेर जाणारा प्रत्येक नग आधी त्यांच्या टेबलावर येतो, ते तो तपासतात आणि चिठ्ठीवर सही करतात. ती सही झाल्याशिवाय माल दाराबाहेर जात नाही. शेठ स्वतः आडवा आला तरी नाही.

माणगावच्या आतल्या एका गावातून मिस्त्री आयटीआय करायला बाहेर पडले, ते परत गेलेच नाहीत. एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममध्ये सव्वीस वर्षं काढली. कंपनी गुजरातला गेली, मिस्त्री इथंच राहिले. बायको बायजा शाळेत शिपाई आहे. घर बुद्धविहाराच्या मागच्या आळीत, लेक लग्न होऊन श्रीवर्धनला. माणूस तसा मितभाषी. पण कुणी कोनाचं काम आणलं की त्यांच्या चेहऱ्यावर जेवणाचं ताट समोर आल्यासारखं समाधान दिसायचं.

कोन तपासायला त्यांच्याकडे साईन बार होता. म्हणजे काय, तर दोन टोकांना दोन गोल रूळ बसवलेली पोलादाची एक सरळ पट्टी, रुळांमधलं अंतर बरोब्बर दोनशे मिलिमीटर. एक रूळ सपाट फरशीवर टेकवायचा आणि दुसऱ्याखाली पोलादी तुकड्यांची चवड रचायची, की पट्टी कलते. चवडीची उंची म्हणजे दोनशे गुणिले त्या कोनाची साईन. वर नग ठेवायचा आणि त्याच्या पाठीवरून डायल, म्हणजे काट्याचं मापयंत्र, फिरवायचं. काटा हलला नाही तर कोन बरोबर. सगळी मदार साईनच्या आकड्यावर, आणि तो आकडा टेबलाच्या पुस्तकात असतो.

मिस्त्रींना मात्र पुस्तक लागत नसे. शून्यापासून पंचेचाळीसपर्यंत प्रत्येक पूर्ण अंशाची साईन त्यांना तोंडपाठ होती. मधला कोन आला की ते खालचा आणि वरचा आकडा आठवत, दोघांतला फरक काढत, साठ मिनिटांतली जेवढी मिनिटं पुढे जायचंय तेवढा हिस्सा त्यात मिळवत आणि उत्तर सांगून मोकळे होत. शेठ आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचा, "आमच्या मिस्त्रींच्या डोक्यातच पुस्तक हाय."

खरी गोष्ट अशी, की पुस्तक डोक्यात गेलं ते डोळ्यांतून निसटलं म्हणून. गेल्या शिमग्यापासून मिस्त्रींना बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं. जिथं बघावं तिथंच एक राखाडी डाग यायचा. पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, साखरेनं पडद्याला इजा केली आहे, गेलेलं परत येणार नाही, आहे ते जपू. कडेनं अजून दिसायचं. मान जराशी वळवली की डायलचा काटा हललेला कळायचा. तुकड्यांवर कोरलेले आकडे दिसायचे नाहीत, पण पेटीत कितव्या खाचेत कुठला तुकडा ते बोटांना ठाऊक होतं. नगाचं ड्रॉइंग ते ग्राइंडर चालवणाऱ्या प्रणालीला मोठ्यानं वाचायला लावत. तिला सवय व्हावी म्हणून, असं सांगत. सात महिने हे बिनबोभाट चाललं होतं, आणि हे कळलेली माणसं दोनच, बायजा आणि डॉक्टरीणबाई.

प्रणाली करंज्याची, मशिनिस्टचा ट्रेड करून आलेली. दोन वर्षं ग्राइंडर तिच्याकडे होता. हात चांगला, आणि जीभ हातापेक्षा चांगली.

त्या बुधवारी एका कंपनीचा मास्टर गेज तयार झाला होता. पाचरीच्या आकाराचा, शंभर मिलिमीटर लांब, कोन बावीस अंश चाळीस मिनिटं. कंपनीवाले या एका गेजवर आपले शेकडो नग ताडून बघणार होते. डायलचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग; शंभर मिलिमीटरच्या लांबीत अर्ध्या घरापर्यंत चूक चालेल, त्यापुढे नाही, असं ड्रॉइंगवर लिहिलेलं. गाडी चार वाजता न्यायला येणार होती. मिस्त्रींनी सकाळीच चवड रचून दिली होती, सत्याहत्तर पूर्णांक शून्य सहाची. प्रणालीनं त्यावर तपासत तपासत नग ग्राइंडरवर घासून काटा थांबवला होता. फक्त सही राहिली होती.

तीन वाजता प्रणाली मोबाईल घेऊन खोलीत आली. मागोमाग शेठ होताच.

"काका, जरा लोचा हाय," ती म्हणाली. "मी मोबाईलवर साईन काढली. शून्य पूर्णांक तीन आठ एक आली. चवड शहात्तर पूर्णांक दोन एकची पायजे. तुमची सत्याहत्तरच्या वर हाय. पाऊण मिलिमीटरच्या वर फरक पडतोय."

"माझी ०.३८५३ आहे," मिस्त्री म्हणाले. "बावीसची ०.३७४६, तेवीसची ०.३९०७. फरक एकशे एकसष्टचा. साठातली चाळीस मिनिटं म्हणजे दोन तृतीयांश, एकशे सात. ते मिळवले की ३८५३."

"मग मोबाईल खोटा बोलतो काय?"

शेठच्या कपाळावर आठी पडली. पाऊण मिलिमीटर म्हणजे नग भंगारात. त्यानं कपाटावरचं टेबलाचं पुस्तक काढलं, धूळ झटकली आणि मिस्त्रींच्या हातात दिलं. "वाद नको. मिस्त्री, बघून सांगा."

मिस्त्रींनी पुस्तक उघडलं. पानावर आकड्यांच्या जागी मुंग्यांची वारुळं फुटावीत तसं काहीतरी होतं, आणि मधोमध तो डाग. चष्मा घरी राहिला म्हणावं, तर तो नाकावरच होता. सत्तावन्नाव्या वर्षी, डोळे गेलेल्या तपासनिसाला कुठल्या दारात उभं करणार? या खोलीशिवाय त्यांच्याकडे स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं. ते मनातून फार घाबरले.

"तू वाच," त्यांनी पुस्तक प्रणालीपुढे सरकवलं. "चूक तुझी आहे, तूच शोध. साईनचं पान. डावीकडे बावीसची ओळ. वर शून्य, सहा, बारा असे मिनिटांचे रकाने आहेत. चाळीस सापडणार नाही. त्याच्या आधीचा छत्तीसचा घे."

प्रणालीनं बोट ठेवलं. "छत्तीसखाली ३८४३."

"आणि त्याच्या पुढं, बेचाळीसखाली?"

"३८५९."

"मग चाळीसचा आकडा या दोघांच्या मध्येच यायला पाहिजे. तुझा ३८१ कुठं बसतो?"

प्रणालीचं बोट ओळीत मागं मागं गेलं. "काका, ३८११ इथं हाय, चोवीस मिनिटांखाली." तिनं कपाळावर हात मारला. "मी बावीस पॉइंट चाळीस टाकलं. पॉइंट चाळीस म्हणजे अंशाचे शंभरातले चाळीस भाग, म्हणजे चोवीसच मिनिटं. मिनिटं साठातली असतात."

शेठ मोठ्यानं हसला. "दोन वर्षं आयटीआयची फी भरली ना गं बापानं?" त्याचा जीव भांड्यात पडला होता. "चला, मिस्त्री, करा सही. गाडी येईल आता."

मिस्त्रींच्या छातीवरचं ओझंही उतरलं. पुस्तक मिटलं की झालं होतं. पण प्रणालीला सुरू केलेलं अर्धवट सोडायची सवय नव्हती. ती पानाच्या उजव्या टोकाला गेली. तिथं एक ते पाच मिनिटांच्या सरासरी फरकांचे रकाने असतात.

"छत्तीसच्या पुढची चार मिनिटं. चारखाली अकरा हाय. ३८४३ आणि अकरा, ३८५४." तिनं मान वर केली. "काका, तुमच्यापेक्षा एकनं जास्त आलं. चालतंय की, शेवटचाच आकडा हाय."

शेठ केव्हाच चिठ्ठी शोधायला लागला होता. त्या एकाचं कुणाला काही नव्हतं. मिस्त्रींना मात्र ते काय आहे ते ऐकल्याबरोबर कळलं. साईनचे आकडे सरळ चढत नाहीत, कमानीसारखे वळत चढतात; आणि कमानीच्या दोन ठिकाणी दोरी बांधून ताणली तर ती कमानीच्या खालूनच जाते. दोरी आखूड असली तर फरक नावाला. पुस्तक सहा-सहा मिनिटांची दोरी बांधतं, आणि ते आठवणीतून अख्ख्या अंशाची बांधत होते. वर पाठ केलेली प्रत्येक साईन चारच अंकांची, आणि फरकाचा हिस्सा काढताना त्यांनी मागचा अपूर्णांक सोडून दिला होता. सगळं मिळून एक गळाला होता. दोनशेनं गुणलं की मिलिमीटरचे दोन शतांश. पुस्तक दिसत असतं तर हे झालं नसतं. आणि गेल्या सात महिन्यांत असं किती वेळा झालं असेल, कुणास ठाऊक.

त्यांनी पेटीतल्या खाचा बोटांनी मोजल्या. चवडीतला एक पूर्णांक शून्य सहाचा तुकडा काढला आणि शून्य आठचा बसवला. नग वर ठेवून डायल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला, मान वळवून.

"किती हलला?" त्यांनी विचारलं.

"एक घर," प्रणाली म्हणाली.

"अर्धं चालतं." ते शेठकडे वळले. "माल आज जाणार नाही. अजून एक हात मारायला लागेल."

"एका घरासाठी?" शेठ वैतागला. "मिस्त्री, पाऊण मिलिमीटरची चूक तुम्ही पकडलीत. आता हे काय नवीन?"

"ती पोरीची होती. ही माझी आहे." मिस्त्रींचा आवाज शांत होता, हातांनी मात्र टेबलाची कड घट्ट धरलेली. "शेठ, मला पुस्तक दिसत नाही. शिमग्यापासून दिसत नाही. तुम्ही कौतुक करत होतात आणि मी करू देत होतो. पाठ केलेल्यावर काम भागतं, पण मास्टर गेजवर भागत नाही."

बाहेर एक ट्रेलर मागे घेतला जात होता, त्याची पीं पीं तेवढी ऐकू येत होती. शेठ खुर्चीवर बसला. रागावलाय की कसं, ते मिस्त्रींना दिसत नव्हतं. त्याचा चेहरा डागात गेला होता.

"सात महिने सह्या केल्यात तुम्ही," शेठ शेवटी म्हणाला.

"होय. ते सगळे कागद काढा. कोनाचे जेवढे नग असतील, त्यांचे आकडे पुन्हा पुस्तकातून काढून बघू. कुठं बिघडलं असेल तर मी स्वतः जाऊन सांगेन."

शेठनं कंपनीला फोन लावला आणि गाडी उद्या पाठवा म्हणून सांगितलं. मग चिठ्ठीची वही प्रणालीपुढे ठेवली. "उद्यापासून सही तू करायची." मिस्त्रींकडे न बघताच तो बाहेर गेला. त्याचं चुकलं असं मिस्त्रींनाही वाटलं नाही. डबा आवरायचा म्हणून ते पिशवी शोधू लागले.

प्रणाली जागची हलली नाही. तिनं सह्यांच्या फाईलमधला पहिला कागद काढला आणि पुस्तकात पान शोधलं. "अकरा अंश पन्नास मिनिटं," तिनं वाचलं. बोट ओळीवर टेकवलं, पण आकडा बोलली नाही.

"काका," ती म्हणाली, "मी वाचायच्या आधी सांगा. कशाच्या आणि कशाच्या मध्ये यायला पायजे?"

मिस्त्रींनी पिशवी खाली ठेवली. "अकराची ०.१९०८," ते म्हणाले. "बाराची ०.२०७९. बाराच्या जवळ येईल, आणि त्याच्या आतच राहील. आता वाच."