बेन्झाल्डिहाइडचा हायड्रोजन

मी हट्टी आहे, हे आमच्या धायरीत कुणालाही विचारा. पण बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, परीक्षा चार दिवसांवर असताना मी जो हट्ट धरला, त्यापायी परीक्षाच हातची जाणार होती.

कॉलेजचा नियम होता की जर्नलवर, म्हणजे प्रयोगांच्या वहीवर, केमिस्ट्रीच्या मॅडमची सही नसेल तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसायचं नाही. आणि जर्नल लिहायची रीत अशी, की स्वतःचं कुणी काही लिहीतच नाही. आदल्या वर्षी पास झालेल्या कुणाच्या तरी वहीची पीडीएफ ग्रुपवर येते आणि साठ जण ती मुकाट उतरवतात. मीही उतरवत होते, खोटं कशाला बोलू?

अल्डॉल संघननाच्या पानावर माझा हात थांबला. बेन्झाल्डिहाइड आणि ॲसिटोन पातळ अल्कलीत एकत्र केले की पिवळे स्फटिक मिळतात, तो प्रयोग. आकृतीत अल्कली हायड्रोजन काढून घेत होती, तो बेन्झाल्डिहाइडचा! अहो, काढणार कुठून? अल्कलीला मिळतो तो कार्बोनिलच्या, म्हणजे ऑक्सिजनला दुहेरी बंधानं जोडलेल्या कार्बनच्या, शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन. बेन्झाल्डिहाइडचा शेजारी म्हणजे बेन्झीनच्या कड्यातला कार्बन, आणि त्याच्याकडे हायड्रोजनच नाही. जो एक दिसतो तो खुद्द कार्बोनिलच्या कार्बनवर असतो, तो या कामाचा नाही. ॲसिटोनच्या मात्र दोन्ही बाजूंना मिथिल आहे, म्हणजे तीन-तीन हायड्रोजनवाला कार्बन. म्हणजे हायड्रोजन सोडायचा ॲसिटोननं, मग त्यानं जाऊन बेन्झाल्डिहाइडला धरायचं आणि शेवटी पाणी बाहेर पडायचं. दोन्ही बाजूंना हे झालं की आपला पिवळा पदार्थ तयार.

मी आकृती माझी काढली.

मॅडमनी ते पान पाहिलं आणि वही मिटली. "सगळ्यांची एक आणि तुझी वेगळी? दुरुस्त करून आण, मग सही."

"मॅडम, चूक त्यांची आहे."

"साठ जण चुकीचे आणि तू एकटी शहाणी?"

"हो," मी म्हणाले.

घरी आई म्हणाली, "अगं, एवढीशी आकृती हाय ती. काढ त्यांच्यासारखी आन् हो मोकळी." वर्गातल्यांनीही तेच ऐकवलं. मला इतका राग आला होता की जेवण गेलं नाही. मला चूक माहीत आहे आणि तरी मी ती माझ्या हातानं लिहायची, कशासाठी? सहीसाठी? मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये मॅडमच्या टेबलासमोर तीन परीक्षानळ्या लावल्या. तिन्हींत बेन्झाल्डिहाइड, अल्कोहोल आणि पातळ अल्कली. पहिलीत आणखी काहीच नाही. दुसरीत बेन्झोफिनोन घातलं. तेही ॲसिटोनसारखं कीटोनच, पण त्याच्या दोन्ही बाजूंना बेन्झीनची कडी, म्हणजे द्यायला हायड्रोजन नाही. तिसरीत ॲसिटोन.

"मॅडम, बेन्झाल्डिहाइडचा हायड्रोजन निघत असता, तर पहिल्या नळीत ते आपल्याआपल्यातच जोडलं गेलं असतं, नाहीतर दुसरीत बेन्झोफिनोनला. बघा तुम्हीच."

तिसरी नळी थोड्याच वेळात पिवळी पडली, मग त्यात गाळ धरायला लागला. पहिल्या दोन नळ्या होत्या तशाच पाण्यासारख्या राहिल्या. मॅडमनी दुसरी उचलून हलवली, उजेडात धरली, पुन्हा हलवली. काही नाही.

"फॉर्मल्डिहाइडचं काय?" त्यांनी विचारलं.

"त्याला तर शेजारचा कार्बनच नाही. तेही हायड्रोजन देणारं नाही, नुसतं जोडून घेणारं."

त्यांनी ग्रुपवरची पीडीएफ मागितली. मी मोबाइल दिला. त्यांनी ती आकृती बोटांनी मोठी केली. हायड्रोजनभोवती गोल आणि त्यातून खाली वळलेला बाण.

"मी शिकत होते तेव्हा हा बाण असा वर्गात दुसरं कुणीच काढत नसे," त्या म्हणाल्या. "मीच काढायचे. ही माझी आकृती आहे गं. मी इथेच शिकले. माझं जर्नल ज्युनिअर्सनी नेलं, ते परत आलंच नाही."

म्हणजे त्यांचीच चूक वह्यांवह्यांतून उतरत त्यांच्याच टेबलावर येत होती आणि त्या दरवर्षी तिच्यावर सही करत होत्या. मला क्षणभर वाईट वाटलं. 'सॉरी' अगदी जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं. मी कशाला सॉरी म्हणू?

त्यांनी माझ्या पानावर सही केली. मग म्हणाल्या, "जा, सगळ्यांना सांग. जर्नल परत घेऊन या. हे पान पुन्हा लिहायचं."

परीक्षेच्या तोंडावर साठ जणांना ते पान पुन्हा लिहावं लागलं. कँटीनमध्ये मी बसले की टेबल रिकामं व्हायचं. एकानं तर तोंडावर विचारलं, "काय मिळालं गं तुला?"

मी म्हटलं, "वाचलंस का ते पान, या वेळी तरी?"

"हायड्रोजन ॲसिटोनचा," तो पुटपुटला आणि चहा घेऊन दुसऱ्या टेबलावर गेला. म्हणजे वाचलं होतं त्यानं.