किटलीशेजारचा कप

माझी वहिनी खोटं बोलत नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको. तोंडानं ती कधीच खोटं बोललेली नाही. जे काही केलं ते फोनच्या कॅमेऱ्यानं केलं, आणि त्यात माझाही हात होता.

दादा मातीची भांडी करतो. म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. घरात त्याला आम्ही घुम्या म्हणतो, त्याच्या तोंडावरच. त्यावरही तो काही बोलत नाही, म्हणून नाव टिकलं. दोन वर्षांपूर्वी त्याचं उजवं मनगट गेलं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं की मातीचे मोठे गोळे आता चाकावर घ्यायचे नाहीत, मुठीत मावेल तेवढंच काम करायचं. तेव्हापासून तो लहान किटल्या करतो, चहाच्या. निळ्या, काचेसारख्या चकचकीत, झाकणाला इवलीशी गाठ. एका किटलीत दीड कप चहा मावतो. पण चोच अशी की ओतताना एक थेंब खाली सांडत नाही.

या किटल्या एका वेबसाइटवर विकायच्या असं ठरलं आणि फोटोंचं खातं वहिनीकडे आलं. खातं म्हणजे मागची खोली, एक टेबल आणि खिडकी. आधी कपडे वाळत घालायला होती ती खोली. वहिनीनं आठवडाभर त्या खिडकीचा अभ्यास केला. ऊन थेट आत येतं तेव्हा सावल्या काळ्याकुट्ट पडतात, म्हणून काचेवर बटर पेपर चिकटवला. मग उजेड दुधासारखा मऊ झाला. टेबलावर पांढरा कार्डशीट, त्याचं मागचं टोक भिंतीवर वर चढवलेलं, कुठेही घडी न पाडता, म्हणजे फोटोत टेबल कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही. खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा केला की अंधारी बाजूही उजळते. ट्यूब बंद. ट्यूब चालू राहिली की निळ्याचा रंग भलताच होतो, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं, मागवली एक आली दुसरी.

चकचकीत भांड्याची आणखी एक खोड असते, ते समोरचं सगळं पोटात दाखवतं. पहिल्या दिवशी किटलीच्या पोटावर लाल कुर्ता घातलेली वहिनी स्पष्ट दिसत होती, एक डोळा मिटलेली. तेव्हापासून फोटो काढताना ती दादाचा राखाडी सदरा घालते. लेन्स पुसायची, फोन स्टँडवर लावायचा, दोन पावलं मागे घेऊन दुप्पट झूम करायचा, किटलीवर बोट दाबून धरायचं म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही जागच्या जागी थांबतात, मग दोन सेकंदांचा टायमर लावून श्वास रोखायचा. श्वास का, ते तिलाच माहीत. फोन स्टँडवर असतो.

फोटो देखणे आले. किटली मात्र एकही खपली नाही.

दोन महिने झाले. एका बाईंचा तेवढा निरोप आला, खेळण्यातली आहे का म्हणून. पांढऱ्या कागदावर एकटं ठेवलेलं भांडं केवढं आहे ते कसं कळणार, आणि खालची मापं कोण वाचतंय. वहिनीचं डोकं फिरलं. दोन दिवस ती माझ्याशीही धड बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी एक गल्ली ओलांडून माझ्याकडे आली. तुझी ती भातुकली अजून आहे ना, असं विचारताना तिचा चेहरा इतका भोळा होता की हिच्या डोक्यात काहीतरी शिजतंय हे मी तिथेच ओळखलं.

माझ्या कपाटात मातीचे दोन कप होते, बाहुलीचे. दहा वर्षांचा असताना दादानंच करून दिलेले. त्यातल्या एकाचा कान वाकडा. अंगठ्याच्या पेरापेक्षा जरासे मोठे, पण घाट अगदी खऱ्या कपाचा. वहिनीनं ते किटलीच्या बाजूला, किंचित मागे ठेवले. मग फोन स्टँडवरून काढला, झूम काढून टाकला आणि खाली वाकून किटलीच्या अगदी नाकाशी नेला. इतकं जवळून काढलं की पुढची वस्तू फुगते हे तिला पक्कं ठाऊक होतं. रोज तेच तर टाळायची. स्क्रीनवर पाहिलं तर आमची दीड कपाची किटली पाहुण्यांनी भरलेलं घर सांभाळेल अशी बसलेली.

मी म्हटलं, दादानं कप ओळखले तर? यावर तिचं म्हणणं, तो फोनमध्ये फक्त किती वाजले ते बघतो. हे खरंच होतं. आणि "खाली मी उंची अकरा सेंटीमीटर असं स्वच्छ लिहिलंय," असंही तिनं मला तीनदा ऐकवलं. ज्याच्या पोटात काही नसतं तो एकदाच सांगतो.

किटल्या भराभर गेल्या. मी खोक्यात भरून पाठवत होते, वहिनी फोटो काढत होती, दादा चाकावर. घरात इतकं छान वातावरण होतं की मला मनातून जरा लाजच वाटायची, पण जरा म्हणजे जराच.

मग खोकी परत यायला लागली. पहिलं आलं तेव्हा आम्ही मूग गिळून ते फळीखाली सरकवलं. चौथ्या खोक्यात चिठ्ठी होती. चौघांसाठी मागवली, एकीला पुरली, असं लिहिलेलं. त्याच संध्याकाळी वेबसाइटवाल्यांचं पत्र आलं की आणखी तीन वस्तू परत आल्या तर तुमचं पान बंद करण्यात येईल. पान बंद म्हणजे दुकानच बंद, कारण आमचं दुसरं दुकान नाही. पत्र नेमकं दादाच्या हातात पडलं. त्यानं ते वाचलं, चिठ्ठीही वाचली, दोन्ही घडी करून खिशात ठेवली आणि भट्टीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी मी डबा द्यायला गेले तर तो मोठा गोळा चाकावर घेऊन बसला होता. दोन्ही तळवे लावूनही मावत नव्हता एवढा. मनगटाला पट्टा करकचून बांधलेला. भांड्याची भिंत वर चढायची आणि मध्येच बसायची. तो माती गोळा करायचा, पुन्हा मळायचा, पुन्हा चाकावर. तिसऱ्या दिवशी त्याला जेवताना चमचा डाव्या हातात धरावा लागला. वहिनी ताटाकडे बघत राहिली. मग उठून मागच्या खोलीत गेली आणि मी तिच्या मागोमाग.

आपल्यामुळे तो हात घालवून बसणार, एवढंच ती म्हणाली. मला सांगायची गरज नव्हती. मला आठवडाभर झोप नीट लागत नव्हती.

पण सांगायचं कसं? वहिनी भांडायला पटाईत आहे, माफी मागायला नाही. शेवटी तिनं तिला येतं ते केलं. कार्डशीट अंथरला. मधोमध किटली ठेवली, डाव्या बाजूला रोजचा चहाचा कप, उजव्या बाजूला वाकड्या कानाचा बाहुलीचा कप. फोन स्टँडवर लावला, दोन पावलं मागे, दुप्पट झूम, टायमर. फोटोत सगळं जसं होतं तसं आलं. रोजच्या कपाशेजारी किटली लहानशी, आणि बाहुलीच्या कपाशेजारी थोराड. कुणालाही समजावं असा फोटो. तो घेऊन ती सरळ भट्टीकडे गेली आणि फोन दादासमोर धरला.

त्यानं चाक थांबवलं. हात पुसले. फोटो बराच वेळ पाहिला, बोटानं मोठा करून पाहिला, स्क्रीनवर माती लागली.

"हा कप मी केलाय," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी ओळखला होता."

वहिनीनं एकदम आवाज चढवला. पहिल्या दिवशी ओळखलं तर बोलायला काय झालं होतं, आम्ही इथं चोरासारख्या वावरतोय, आणि तुम्ही ते भलेमोठे गोळे कशाला घेऊन बसलात? चूक तिची आणि झापत होती त्याला. ही तिची जुनी पद्धत आहे.

दादानं तिचं सगळं ऐकून घेतलं. मग इतका हळू बोलला की चाकाची घरघर चालू असती तर ऐकूच आलं नसतं.

"तू फोटोत मोठी केलीस ना. मला वाटलं, तुला माझी मोठीच भांडी आवडत होती. म्हटलं, फोटोतल्यासारखी एक तरी करून द्यावी."

वहिनी मातीच्या पोत्यावर मटकन बसली आणि रडली. मी तिला इतक्या वर्षांत रडताना पाहिलेलं नव्हतं. मीही रडले, पण मी जाहिराती बघूनही रडते, त्याचं काही विशेष नाही. दादा आपला मातीचे हात पुढे करून उभा, जवळ घ्यावं तर सदरा खराब होईल. सदरा त्याचाच होता, तिच्या अंगावर, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

संध्याकाळी उजेड जाण्याआधी नवे फोटो झाले. या वेळी वहिनीनं दादाला खिडकीपाशी बसवलं आणि किटली त्याच्या उजव्या हातात दिली. माणसाच्या हातातली वस्तू केवढी आहे ते कुणाला सांगावं लागत नाही. तो पट्टा सोडायला लागला, फोटोत बरा दिसणार नाही म्हणून. वहिनी म्हणाली, "राहू द्या तो. आता काही लपवायचं नाही." एक फोटो हाताचा, एक रोजच्या कपाबरोबर, एक ओततानाचा. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, एका माणसाची किटली, दीड कप. ज्यांची खोकी परत आली होती त्यांना तिनं स्वतः फोन केले, आणि त्यांची बोलणी ऐकून घेतली. उलट उत्तर एकदाही दिलं नाही. मी शेजारीच बसले होते, म्हणून सांगते.

पहिल्यासारख्या भराभर काही खपल्या नाहीत. पण गेलेली एकही परत आली नाही आणि पान चालू राहिलं. जगात एकट्यानं चहा पिणारी माणसं आम्हाला वाटलं त्यापेक्षा पुष्कळ निघाली.

त्या तीन दिवसांत केलेली एक मोठी किटली भट्टीतून शाबूत निघाली होती. एका बाजूला कललेली, चोच वाकडी, ओतताना निम्मा चहा बशीत. आम्ही तिघं जमलो की वहिनी चहा तिच्यातच करते. परवा मी सहज फोन काढला, म्हटलं हिचाही एक फोटो काढू, कुणी सांगावं, घेईलही कुणीतरी. वहिनीनं लेन्सवर हात ठेवला आणि माझा फोन पालथा करून टेबलावर ठेवून दिला.