डावीकडची दाढ

कापसाचे भाव पडले त्या वर्षांत ट्रकवालेही हात आखडून होते. गाडी पार बंद पडल्याशिवाय माझ्या पांढरकवड्याच्या गॅरेजात आणत नसत. काम आलं की सर्दी असली तरी बोनेटमध्ये डोकं घालावंच लागे. वाकलो की उजवा गाल जड व्हायचा आणि वरच्या दाढा ठणकायच्या. नुसत्या आवाजावरून इंजिनाचा बिघाड ओळखणारा मी, पण माझ्याच तोंडात काय बिघडलंय ते कळेना. शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"मॅडम, हे दाढ काढून टाका."

त्यांनी आरशाच्या दांडीनं एकेक दाढ ठोकून पाहिली. वरच्या तिन्ही सारख्याच दुखल्या. गार पाण्यानं कळ आली नाही. एक्स-रेतही काही निघालं नाही.

"दाढा चांगल्या आहेत, भाऊ. सर्दीनं गालाच्या हाडातली पोकळी भरलीय. दाढांची मुळं तिला लागूनच असतात. वाकलं की तिथला दाब वाढतो."

"दुखते दाढ अन् बिघाड नाकात? असं कसं?" मी भडकलो.

"दाढेचं असतं तर बहुतेक एकच दुखली असती."

माझी जीभ डावीकडच्या वरच्या रिकाम्या जागेत गेली. ती दाढ मी मागच्या हिवाळ्यात अशाच सर्दीत दुसऱ्या डॉक्टरकडून काढून घेतली होती.

"मंग मागच्या सर्दीत त्या डॉक्टरनं हे डावीकडची काहून काढली? अन् काढल्यावर दुखणं तर गेलतं ना!"

"आणि सर्दी?" त्यांनी विचारलं. "ती कधी गेली होती?"