कुंकू लागलेल्या नोटा

भिवराकाकीनं एकतीस हंगाम ऊस तोडला. माझा चुलता गेल्यावरही नऊ हंगाम ती दिराच्या टोळीत गेली आणि त्याच उसावर एकुलत्या एका युवराजला आयटीआयपर्यंत शिकवलं. पुढं कडा गावाकडच्या साखर कारखान्यात तो पॅनवर लागला. पॅन म्हणजे जिथं रस आटवून साखरेचा दाणा पाडतात ते मोठं भांडं. तिथला कारागीर चांगला असला तर त्याला परदेशातून बोलावणं येतं. युवराजला कंबोडियातून आलं. आईनं ऊस तोडला आणि लेकानं त्याची साखर केली, असं मी शाळेत पोरांना अभिमानानं सांगायचो. मी जिल्हा परिषदेचा मास्तर, मला असली वाक्यं फार सुचतात. वेळेला मात्र अक्कल सुचत नाही, ते पुढं कळेलच.

गुरुवारी दुपारी तिथल्या कारखान्यात वाफेची नळी फुटली. युवराज छातीपासून तोंडापर्यंत भाजला. त्याला राजधानीत, नॉमपेन्हला, मोठ्या दवाखान्यात हलवलं. ही बातमी त्याच्याबरोबर काम करणाऱ्या प्रवीणनं दिली. तो घाटनांदूरचा. युवराजची बायको दिपाली, पदरात तीन वर्षांचं लेकरू, तिचा पासपोर्टच नव्हता. काकीचा होता. दसऱ्याला आईला तिकडं नेऊन साखरेचं काम दाखवतो म्हणून युवराजनंच मागच्या वर्षी काढून दिला होता, आणि तिच्या सोबतीला म्हणून मलाही काढायला लावला होता. ऑनलाईन व्हिसाला तीन दिवस कामाचे लागतात आणि मध्ये शनिवार-रविवार आलेला. एजंट म्हणाला, तिथं उतरल्यावर विमानतळावरच मिळतो. माणशी तीस डॉलर रोख, एक फोटो, एक फॉर्म. नोटा कोऱ्या ठेवा, फाटक्या, डागाच्या घेत नाहीत, हेही त्यानं मोबाईलवर लिहून पाठवलं. मी ते वाचलं. वाचलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

शुक्रवारी सकाळी कड्याच्या स्टुडिओत काकीचा फोटो काढला. फोटोवाला म्हणाला, कान दिसू द्या. तिनं पदर जरा मागं घेतला आणि कॅमेऱ्याकडं अशी बघत राहिली की तो पोरगा फोटो काढायचं विसरला. दुपारपर्यंत नगरहून वीस-वीसच्या पाच नोटा आणल्या, कडक करकरीत, शंभर डॉलर.

आमच्याकडं टोळी कारखान्याला निघताना वाटखर्चीचा पैसा आधी देव्हाऱ्यात ठेवतात. घरातली सवाशीण त्याला हळदी-कुंकू लावते आणि मग तो थोरल्या बाईच्या बटव्यात जातो. ही रीत कधी कुणी मोडली नाही. ऊस तोडायला निघालो काय आणि विमानानं निघालो काय, दिपालीच्या लेखी प्रवास तोच. तिनं हळद-कुंकू पाण्यात कालवलं आणि पाचही नोटांवर बोट टेकवलं. कुंकू पातळ झालं होतं, ते जरा पसरलंच. मी दारात उभा होतो. नवऱ्याच्या जिवासाठी कुंकू लावणाऱ्या बाईचा हात धरून 'अगं, हे चालत नाही' म्हणायची माझी हिंमत झाली नाही. काकीनं नोटांच्या चार-चार घड्या घातल्या आणि बटवा कमरेला खोचला.

रात्री मुंबईहून निघालो, आणि बँकॉकला विमान बदलताना प्रवीणचा फोन लागला. डॉक्टर म्हणत होते, घशातली सूज वाढत चाललीये, श्वासाला नळी घालावी लागेल, आणि एकदा नळी घातली की बोलता येणार नाही. युवराज ऐकत नव्हता. आई आल्यावर तिच्याशी बोलतो आणि मग काय घालायचं ते घाला म्हणत होता. फोनवर बोलायलाही तयार नव्हता, त्याला आई समोर पाहिजे होती. डॉक्टरांनी दहा वाजेपर्यंत थांबायचं कबूल केलं. आमचं विमान शनिवारी सकाळी सव्वाआठला उतरणार होतं आणि दवाखाना तिथून तासाभराच्या आत होता. जमत होतं.

उतरल्यावर लोकांच्या मागं मागं चालत आम्ही व्हिसाच्या जागी आलो. लांबलचक ओटा, त्यामागं ओळीनं गणवेशातली माणसं. एका टोकाला फॉर्म, फोटो, पासपोर्ट आणि पैसे द्यायचे. पासपोर्ट आतल्या आत हातोहात सरकत दुसऱ्या टोकाला जातो. तिथं तो उंच धरून दाखवतात, ज्याचा असेल त्यानं घ्यायचा. मग शिक्क्याच्या रांगेत उभं राहायचं. त्या देशात येण्याची नोंद मी मुंबईतच मोबाईलवर भरून ठेवली होती. फॉर्म तेवढा उभ्यानं भरला. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, राहण्याचा पत्ता. कामधंद्याच्या रकान्यापाशी मी 'हाऊसवाईफ' लिहिलं. काय लिहिलंस म्हणून काकीनं विचारलं. सांगितल्यावर म्हणाली, घरी कधी बसले होते मी? सही येते तेवढी तिनं सावकाश केली, एकेक अक्षर नांगरल्यासारखं.

पुढं चौदा माणसं होती. रांग भराभर सरकली. नऊला पाच मिनिटं असताना आम्ही ओट्याशी पोचलो. मला हायसं वाटलं.

काकीनं बटवा सोडला. मी घड्या उलगडून तीन नोटा पुढं केल्या. समोरच्या माणसानं पहिली उजेडात धरली, नखानं कुंकू खरवडलं, नख बघितलं आणि नोट परत सरकवली. दुसरीही सरकवली, तिसरीही. मी उरलेल्या दोन दिल्या, त्याही परत आल्या. तो चिडला नव्हता. मान हलवून त्यानं पासपोर्ट, फॉर्म, फोटो सगळंच माझ्या हातात दिलं आणि कोपऱ्यातल्या एटीएमकडं बोट केलं.

माझं कार्ड देशाबाहेर चालत नाही हे मला एटीएमनं सांगितलं. ते चालू करायचं तर बँकेचा ओटीपी पाहिजे, आणि ओटीपी यायचा तो माझ्या भारतातल्या नंबरवर, ज्याला इथं रेंज नव्हती. विमानतळाच्या वायफायवर व्हॉट्सॲप तेवढं चालत होतं. पंधरा वर्षं मी पोरांना परीक्षेआधी प्रश्नपत्रिका नीट वाचायला सांगत आलोय.

परत आलो तर काकी भिंतीशी बसून पदराला थुंकी लावून नोट पुसत होती. कुंकू निघालं नाही. पसरलं. नोटेवरच्या माणसाचं अर्धं तोंड लाल झालं. मी तिच्या हातातनं नोट हिसकावली. तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते मला इथं लिहायचं नाही.

मग मी रांगेतल्या माणसांपुढं हात पसरत फिरलो. गोऱ्या लोकांनी नोटा बघून हात मागं घेतले. त्यांचंही बरोबर होतं, नाकारलेली नोट कोण घेणार? आपल्याकडचा एक व्यापारी होता, चार जणांचा गट घेऊन आलेला. पहिल्यांदा त्यानं ऐकूनच घेतलं नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा, नोटा बदलून देत नाही, रुपये असतील तर बोला, म्हणाला. साठ डॉलरचे त्यानं आठ हजार मागितले. खिशात आठ हजार सातशे होते. मी दिले. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात असं ऐकलं होतं, पण त्या घडीला मला तो देवासारखा वाटला. मी त्याला नमस्कार केला.

तोवर दुसरं विमान उतरलं होतं. पुन्हा शेवटी उभं राहावं लागलं. ओट्याशी पोचलो तेव्हा नऊ छत्तीस झाले होते. मी कोऱ्या नोटा पुढं केल्या. त्यानं एकेक उलटून बघायला सुरुवात केली आणि माझा फोन वाजला. प्रवीण. ओट्यामागच्या माणसानं मान वर केली, फोन ठेवा अशी खूण केली. आता हा पुन्हा परत पाठवतो की काय, अशी भीती वाटली. कुठपर्यंत आलात हेच प्रवीण विचारणार, बाहेर पडलो की सांगू. मी फोन कापला. तो लगेच पुन्हा वाजला. मी बंद करून टाकला.

त्यानं नोटा घेतल्या. पासपोर्ट दुसऱ्या टोकाला निघायला पंधरा मिनिटं, शिक्क्याच्या रांगेत पंचवीस. तिथल्या यंत्रावर काकीच्या बोटांचे ठसे उठेनात, कोयत्यानं रेघा कधीच खाल्ल्या होत्या. शिक्का मारणाऱ्या बाईनं चार वेळा प्रयत्न करून शेवटी हातानंच काहीतरी लिहिलं आणि सोडलं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. युवराजच्या तोंडात नळी होती, डोळे मिटलेले. काकीनं पायाला हात लावला, कारण तेवढीच जागा पट्टीबाहेर होती. ती त्याच्याशी बोलत राहिली. चौथ्या दिवशी पहाटे तो गेला.

तो गेल्यावर व्हरांड्यात प्रवीणनं मला बाजूला घेतलं. डोळे वर न करता म्हणाला, "सर, डॉक्टर म्हनले आता थांबता येत न्हाई. मग त्यो म्हनला, आईला फोन लाव. म्या त्याच्या तोंडाशी धरला व्हता. दोनदा लावला."

 

त्याची राख घेऊन आम्ही परतलो. विमानात काकी पहिल्यांदा आपणहून बोलली. "बजरंगा, दिपालीला नोटांचं सांगायचं न्हाई. तिच्या हातचं कुंकू व्हतं त्ये. जलमभर सोताला खात बसंल पोरगी."

मी हो म्हटलं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आन त्या ओट्यापशी तुझा फोन वाजला, त्यो कुनाचा व्हता?"

"मोबाईल कंपनीचा," मी म्हणालो.

आता गावात कुणी भेटायला आलं की दिपाली पाणी घेऊन येते आणि दाराशी थांबते. तिच्या देखत लोक विचारतात, भिवराबाई, लेकाशी बोलणं झालं का? काकी दरवेळी तेच सांगते, "माझ्यासाठी थांबला व्हता वो त्यो. पर तिथं रांगच लई मोठी व्हती."

मग ती माझ्याकडं बघते. आणि मी, रांगेत किती माणसं होती ते मोजलेला मास्तर, मान हलवून हो म्हणतो.