वर्कर बंद होता

यवतमाळला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत सलीलसरांचं छोटं ऑफिस होतं. तिथं अंजू राठोड ही एकटीच वेबसाइटचं कोडिंग बघायची. दारव्ह्याजवळच्या तांड्यातली ती पहिली इंजिनिअर.

एका नर्सिंग संस्थेचा प्रवेशाचा फॉर्म तिनेच बनवला होता. फॉर्म भरला की त्याच दमात मेलही जायचा. मेलचा सर्व्हर रेंगाळला की पान नुसतं फिरत राहायचं. वैतागून मुली पुन्हा बटण दाबायच्या, एकीचे तीन-तीन फॉर्म पडायचे. मग अंजूने मेलचं काम बाजूला काढलं. आता वेबसाइट रेडिस नावाच्या प्रोग्रॅमच्या रांगेत फक्त एक निरोप टाकायची आणि लगेच मोकळी व्हायची. सेलरी नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमचा वर्कर मागे तो निरोप उचलून सावकाश मेल पाठवायचा. पान क्षणात उघडू लागलं. सलीलसरांनी सगळ्यांना समोसे खाऊ घातले.

सोमवारी अपडेटसाठी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. वेबसाइट आपोआप उठली, रेडिसही उठला. वर्कर मात्र अंजूने स्वतःच्या हाताने, टर्मिनलमधून चालू केलेला होता. तो उठला नाही. मंगळवारी संस्थेच्या क्लार्कनी कागदपत्र तपासणीची तारीख कळवायला बटण दाबलं, तेव्हा पानावर आलं, ‘मेल पाठवले.’ ते वाक्य अंजूनेच लिहिलेलं होतं. खरं तर मेल फक्त रांगेत लागले होते.

शनिवारी दुपारी बाबूसिंगकाका आपल्या मुलीला, पुष्पाला घेऊन दारात उभे राहिले. ते अंजूच्याच तांड्यातले. संस्थेतून थेट इकडे आले होते.

“बाई, तपासणी कालच झाली म्हणते. आमाले काहून नाही कळवलं? पोरगी रोज मोबाइल पाहून राह्यली होती.”

अंजूने सर्व्हर उघडला. रांगेत चारशे बारा मेल पडून होते. पुढचामागचा विचार न करता तिने वर्कर चालू केला.

मिनिटभरात पुष्पाच्या हातातला मोबाइल वाजला. तिने मोठ्याने वाचलं, “शुक्रवारी सकाळी दहा वाजता मूळ कागदपत्रांसह हजर राहावे.” मग अंजूकडे बघून म्हणाली, “ताई, कोणता शुक्रवार?”

अंजूने सलीलसरांना बोलावलं. सलीलसरांनी संस्थेला फोन लावला, चूक आमची आहे म्हणून कबूल केलं. तिकडचे म्हणाले, जवळच्या मुली सूचना फलक पाहून आल्या. न आलेल्यांच्या जागी प्रतीक्षा यादीतल्या घेतल्या. यादी वर गेली, आता काही होत नाही.

“मंग आता काय करावं आमी?” काकांनी विचारलं. रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

“काका, माझ्याच्यानं चुकलं,” ती कशीबशी म्हणाली.

“तुनं का मुद्दाम केलं?” म्हणत ते उठले. पुष्पाने फाइल छातीशी धरली होती.

सोमवारी अंजूने वर्कर सर्व्हरबरोबर आपोआप उठेल असं केलं. रांग वाढली की आपल्याला मेसेज येईल अशी सोय केली. ‘मेल पाठवले’ खोडून ‘मेल रांगेत लावले’ असं लिहिलं. अर्ध्या तासाचं काम होतं.

पोळ्याला ती तांड्यात गेली. पुष्पा कापसात निंदण करत होती. हात हलवून हसली. अंजूनेही हात हलवला, पण बांधापर्यंत जायची तिची हिंमत झाली नाही.